गुण आहे म्हणूनच भीती आहे

झाडपाल्याच्या औषधाबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांशी कधीच बोलत नाहीत. एक पक्ष म्हणतो, वनस्पती आहे, घ्या बिनधास्त, गुण आला तर आला, अपाय तर नाहीच. दुसरा पक्ष बहुधा दवाखान्यात बसलेला असतो. तो म्हणतो, असल्या पुड्यांत काही नसतं, पैसे वाया घालवू नका, आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. दिसायला हे दोघे विरुद्ध टोकांचे आहेत, पण चूक दोघांची एकच आहे. त्या पानाफुलांत खरंखुरं, शरीरात जाऊन काम करणारं औषध असू शकतं, हे दोघांनीही मनापासून मानलेलं नसतं. ही चूक किती महाग पडते हे बघायला सेंट जॉन्स वर्टइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

उदास मनासाठी जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या वनौषधींपैकी ही एक. शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. गुडघा-कंबरेएवढं झुडूप, पिवळी पाच पाकळ्यांची फुलं, आणि पान उजेडासमोर धरलं तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. कळी बोटांत चुरडली की लालसर रंग उतरतो. युरोपात ही जंगली उगवते, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या डोंगरउतारावर सापडते. कोकणात ती मिळत नाही. आमच्या मंडणगड तालुक्यात येते ती डबीतून, कॅप्सूल होऊन: ऑनलाइन मागवलेली, मुंबईच्या दुकानातून घेतलेली किंवा परदेशातल्या नातलगाने बॅगेतून आणलेली. इथे ती पोत्याने विकली जाते असं मला म्हणायचं नाही. पण ज्या तालुक्याचा अर्धा संसार मुंबईत आणि आखातात चालतो, तिथे तिथल्या औषधांच्या डब्या येणारच. त्या पूरक आहार म्हणून विकल्या जातात, त्यामुळे चिठ्ठी लागत नाही आणि कुणी काही विचारतही नाही.

आधी तिला तिचं श्रेय देऊ. जर्मनीत डॉक्टर ती चिठ्ठीवर लिहून देतात. 2008 साली कॉक्रेन या संस्थेने तोवर झालेल्या 29 चाचण्या, म्हणजे सुमारे साडेपाच हजार रुग्ण, एकत्र मांडून पाहिले. सौम्य ते मध्यम नैराश्यात तिचा अर्क खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला, नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्यांच्या जवळपास बरोबरीने चालला आणि त्यांच्याहून कमी त्रासदायक वाटला. सगळे निकाल इतके गोड नाहीत. 2002 साली अमेरिकेत 340 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती खोट्या गोळीहून वेगळी ठरली नाही. पण त्याच चाचणीत सर्ट्रालिन ही प्रस्थापित गोळीही मुख्य मोजमापांवर खोट्या गोळीच्या पुढे गेली नव्हती, हे सांगितल्याशिवाय तो निकाल अर्धाच सांगितल्यासारखा होईल. मला त्यातून इतकंच घ्यायचं आहे की या झुडपात दम आहे. आणि दम आहे म्हणूनच ते दुसऱ्या औषधाच्या वाटेत आडवं येतं.

ते कसं, हे गर्भनिरोधक गोळीवर पाहू, कारण इथल्या बाईचा संबंध तिच्याशी रोजचा आहे. सरकारी दवाखान्यात फुकट आणि आशाताईकडेही मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 हॉर्मोनच्या आणि शेवटच्या 7 नुसत्या लोहाच्या. हॉर्मोनच्या प्रत्येक गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम. आकडे इतके लहान ठेवलेत ते मुद्दाम. बाईला मळमळ, डोकेदुखी, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका कमी व्हावा म्हणून ही मात्रा वर्षानुवर्षं उतरवत आणलेली आहे. काम होईल पण जास्तीचं काही उरणार नाही, अशी ती बेतलेली. टाकीत रोज एक घागर ओतावी आणि तळाच्या तोटीतून तेवढंच पाणी हळूहळू झिरपावं, म्हणजे पातळी टिकून राहते, तसा हा हिशेब आहे.

सेंट जॉन्स वर्ट ती तोटी मोठी करते. तिच्यात हायपरफोरिन नावाचा एक घटक आहे. यकृताच्या पेशींत एक ग्राहक प्रथिन असतं, शास्त्रज्ञ त्याला पीएक्सआर म्हणतात. शरीरात बाहेरचं काही आलंय याची वर्दी देणं हे त्याचं काम. हायपरफोरिन त्याला इतकं घट्ट चिकटतं की पेशीला वाटतं, मोठी घुसखोरी झाली. मग पेशी औषधं मोडणारी एन्झाइम्स जास्तीची बनवायला लागते, विशेषतः सीवायपी 3ए4 हे एन्झाइम. आतड्याच्या अस्तरातही तेच घडतं. 2000 साली हे पीएक्सआरचं गणित उलगडलं. बिचारं यकृत आपलं काम चोख करत असतं, पण त्या जास्तीच्या एन्झाइम्सना समोर आलेलं हॉर्मोन बाईने स्वतः ठरवून घेतलंय हे कळत नाही.

त्याच वर्षी दोन बातम्या आल्या आणि डॉक्टर मंडळी खडबडून जागी झाली. एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण ही वनस्पती घेतल्यावर निम्म्याहून जास्त घसरलं. आणि झुरिचमध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांचं शरीर बसवलेलं हृदय नाकारायला लागलं, कारण सायक्लोस्पोरिन हे रक्षक औषध या वनस्पतीने उतरवलं होतं. दोघांनीही ती मन ठीक राहावं म्हणून घेतली होती.

गर्भनिरोधक गोळीचा प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. बारा बायका, तीन पाळ्यांचा काळ. पहिल्या पाळीत नुसती गोळी, पुढच्या दोन पाळ्यांत गोळीच्या जोडीला सेंट जॉन्स वर्ट, 300 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. म्हणजे डबीवर लिहिलेला नेहमीचाच डोस. इथिनाइल इस्ट्राडिओल रक्तात निम्मं व्हायला आधी सरासरी 23 तास लागत होते, ते 12 वर आले. मध्येच रक्तस्राव होण्याची तक्रार पहिल्या पाळीत दोघींची होती, नंतर सात जणींची. दोन वर्षांनी सोळा बायकांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हॉर्मोनचं प्रमाण 13 ते 15 टक्क्यांनीच घसरलं. ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण त्याच बायकांच्या अंडाशयात अंडं वाढत असल्याच्या आणि बहुधा सुटल्याच्या खुणा दिसल्या. बेताने आखलेल्या मात्रेत 15 टक्के म्हणजे काय, हे त्यावरून कळतं.

आता हे मंडणगडातल्या एका घरात मांडून पाहू. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातला एकही तपशील अशक्य कोटीतला नाही. समजा, एक बाई वर्षभर माला-एन नियमाने घेते. नवरा मुंबईत. मन गेले काही महिने खाली बसलेलं, झोप उडालेली, शेजारीपाजारी सांगता येत नाही. गणपतीला नवरा येताना एका सहकाऱ्याच्या सल्ल्याने कॅप्सूलची डबी घेऊन येतो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी ती सुरू करते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, कारण एन्झाइम्स बनायला वेळ लागतो. आठवड्याभरात परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत तो भरात येतो. गौरी-गणपती जातात, नवरा आणखी पंधरा दिवस राहतो. तिसऱ्या आठवड्यात, पाळीची तारीख नसताना, तिला थोडा थोडा रक्तस्राव होतो.

सगळं प्रकरण इथे अडकतं. ती आशाताईला विचारते. आशाताई सांगते की घाबरू नको, गोळीने असं होतं, दोन-तीन महिन्यांत थांबेल. हा सल्ला नव्याने गोळी सुरू केलेल्या बाईसाठी अगदी बरोबर आहे. पण ही बाई वर्षभर गोळी घेतेय. वर्षभर सुरळीत चाललेल्या गोळीवर अचानक मधला रक्तस्राव दिसला तर आधी विसरलेल्या गोळीचा, उलटी-जुलाबाचा आणि मग नव्याने सुरू केलेल्या कुठल्याही वस्तूचा विचार करायला हवा. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि विचारला तरी उत्तर येईल, काही नाही, चालू आहे ती गोळीच. कॅप्सूलची आठवण तिला त्या क्षणी होत नाही. ती मनासाठी आहे, ही पोटासाठी, त्यांचा काय संबंध? आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रक्तस्राव ही खूण आहे, पण प्रत्येक बाईत ती दिसतेच असं नाही. रक्त दिसलं नाही म्हणजे गोळी चालतेच आहे, असा उलटा अर्थ काढता येत नाही.

मग तिने करायचं काय? गोळी चालू ठेवायची आणि जोडीला निरोध वापरायचा. कॅप्सूल बंद केल्यावरही 28 दिवस हाच नेम, कारण वाढलेली एन्झाइम्स डबी संपल्याच्या दिवशी संपत नाहीत. संबंध येऊन गेला असेल आणि भीती असेल तर 72 तासांच्या आतली आणीबाणीची गोळी नेहमीच्या मात्रेत अपुरी पडू शकते. ब्रिटनमधल्या नियामकाने 2016 साली सांगितलं की एन्झाइम वाढवणारं काही चालू असेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमऐवजी 3 मिलिग्रॅम द्यावं, म्हणजे दोन गोळ्या. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं. तांबी यकृतावर अवलंबून नाही, त्यामुळे या झुडपाचं तिच्यापुढे काही चालत नाही. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही सध्याच्या मार्गदर्शनानुसार या भानगडीत सापडत नाही. ज्या बाईला कॅप्सूल सोडवत नाही, तिने यांतलं काही निवडावं. ही निवड मात्र दवाखान्यात बसून, डबी टेबलावर ठेवून करायची.

हे यकृताचं गणित आपल्या डॉक्टरांना नवं नाही. क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध त्याच पीएक्सआरला चाळवतं. त्यावर असलेल्या बायकांच्या गोळ्या निकामी होतात आणि दिवस जातात, हे जर्मनीत 1971 सालीच नोंदलं गेलं होतं. क्षयाचा उपचार सुरू झालेल्या बाईला आज डॉक्टर हे सांगतात. तेव्हा कार्ड असतं, रोजच्या गोळ्या असतात, सरकारी नोंद असते. तोच दोष, तोच मार्ग, पण फुलाचं चित्र असलेल्या डबीतून आला की त्याची नोंद कुठेच होत नाही. रिफाम्पिसिनला आपण औषध म्हणून मान दिला आणि म्हणून त्याच्यापासून सावध झालो. झुडपाला तो मान दिला नाही, म्हणून सावधही झालो नाही.

नैराश्याच्या गोळ्यांशी गाठ पडते तेव्हा धोका उलट्या दिशेचा असतो. गर्भनिरोधक गोळी कमी पडते, इथे जास्त होतं. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये सेरोटोनिन हा संदेशवाहक सुटतो आणि काम झाल्यावर परत आत ओढला जातो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या तो परतीचा मार्ग अडवतात. हायपरफोरिनही वेगळ्या तऱ्हेने तोच मार्ग मंदावतं. दोन्ही एकत्र आले की सेरोटोनिन साचत जातं. माणूस बेचैन होतो, घामाने थबथबतो, हात थरथरतात, जुलाब होतात, ताप चढतो, भान हरपायला लागतं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि त्याची टोकाची अवस्था जिवावर बेतते.

एक नोंदलेलं प्रकरण आहे, 1998 सालचं, अमेरिकेतलं. पन्नाशीची बाई आठ महिने पॅरॉक्सेटिन 40 मिलिग्रॅम घेत होती. ती तिने बंद केली आणि दहा दिवसांनी सेंट जॉन्स वर्ट सुरू केली, रोज 600 मिलिग्रॅम. त्रास काही नव्हता. एका रात्री झोप येईना म्हणून तिने कपाटात उरलेली पॅरॉक्सेटिनची एक, फक्त 20 मिलिग्रॅमची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलत होती, झिंगल्यासारखी, हालचाली मंद, अंथरुणातून उठणं जवळपास अशक्य. गोळी तिच्या ओळखीची होती, पूर्वी ती दुप्पट घेत असे. पण ती गोळी घेणारं शरीर आता वेगळं होतं. दुसऱ्याच वर्षी पाच वृद्धांची प्रकरणं प्रसिद्ध झाली. त्यांतले चौघे सर्ट्रालिनवर होते. मळमळ, घाबरेपणा, चक्कर, गोंधळलेलं डोकं, अशी लक्षणं थोड्या दिवसांत आली आणि वनस्पती बंद केल्यावर गेली.

मला भीती वाटते ती याच वृद्धांची. आई गावात एकटी, मुलगा बाहेर. तालुक्याच्या डॉक्टरांनी किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाने एक छोटी गोळी लिहून दिलेली असते, तिच्याबद्दल आईने मुलाला काही सांगितलेलं नसतं. मुलगा आईचा उदास आवाज फोनवर ऐकतो आणि काळजीपोटी कॅप्सूल पाठवतो. मुलाला वाटतं आई काही घेत नाही, डॉक्टरांना वाटतं ती आपलीच गोळी घेते. त्यात सांधेदुखीसाठी ट्रामाडोल आणि खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप येऊन मिळालं, तर तीही दोन्ही सेरोटोनिनच्याच बाजूची. कुणाचाही हेतू वाईट नसताना घामाने भिजलेली, बडबडणारी म्हातारी ताप आला म्हणून दवाखान्यात आणली जाते आणि पहिला संशय मलेरियाचा किंवा लेप्टोचा येतो. पावसाळ्यात कोकणात तसाच यायला हवा. पण त्याच वेळी एक साधी तपासणी करून घ्यावी. रुग्णाचा गुडघा किंचित वाकवून पाऊल झटकन वर दाबून धरलं की सेरोटोनिन सिंड्रोममध्ये घोटा आपोआप लयीत ठोके देऊ लागतो. बऱ्याचदा डोळ्यांची बुबुळंही अशीच लटपटतात. नुसत्या तापात हे होत नाही. यंत्र लागत नाही, तीस सेकंद लागतात. हे दिसलं तर सेरोटोनिन वाढवणारं सगळं थांबवायचं आणि रुग्णाला देखरेखीत ठेवायचं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत सावरतात. ताप खूप वाढला आणि अंग ताठलं तर मात्र मोठ्या रुग्णालयाची गाडी लगेच बोलवायची.

इथे एक उलटी घाई टाळावी लागते. हे वाचून कुणी डॉक्टरांची गोळी एकदम बंद करून कॅप्सूल ठेवली, किंवा कॅप्सूल बंद करून दुसऱ्या दिवशी नवी गोळी सुरू केली, तर तोही धोकाच. वनस्पती थांबवून नैराश्याची गोळी सुरू करायची तर साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. फ्लुऑक्सेटिन सोडून दुसरीकडे जायचं तर ती शरीरातून निघायला पाच आठवडे लागतात. शिवाय वॉर्फरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध या वनस्पतीच्या जोडीने बेतलेलं असेल आणि वनस्पती अचानक थांबवली, तर तेच औषध पुढच्या दोन आठवड्यांत जड होतं आणि रक्तस्रावाचा धोका येतो. सुरू करताना जितकी विचारपूस हवी तितकीच थांबवताना.

होमिओपॅथीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण हायपेरिकम हे नाव कोकणातल्या पुष्कळ घरांतल्या बाटलीवर आहे. मार लागला, बोट चेमटलं की ते घेतात. 30 किंवा 200 पोटेन्सीच्या गोळ्यांत मूळ वनस्पतीचा अंश उरलेला नसतो, त्यामुळे वर सांगितलेला परिणाम तिथे होण्याचं कारण नाही. पण त्याच नावाचा मदर टिंक्चर मिळतो, बाटलीवर क्यू लिहिलेलं असतं, आणि त्यात वनस्पतीचा खरा अर्क असतो. थेंबांची मात्रा कॅप्सूलच्या अर्कापेक्षा बरीच लहान असते हे खरं. पण नाव एक, बाटल्या दोन, आणि त्यांपैकी कोणती घरात आहे हे बाटली पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. नैराश्याच्या गोळीला हात लावायची लाज वाटणारा माणूस निदान ही कॅप्सूल तरी घेतो, तीही हिरावून का घ्यायची? हा आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. मानसोपचारासाठी इथून रत्नागिरी किंवा मुंबई गाठायची म्हणजे दिवस मोडतो आणि बोभाटाही होतो. म्हणूनच मी ती बंद करा असं म्हणत नाही. कुठलंही दुसरं औषध न घेणाऱ्या, सौम्य उदासी असलेल्या माणसाने डॉक्टरांना सांगून ती घेतली तर माझी हरकत नाही. माझी हरकत लपवण्याला आहे आणि हसण्याला आहे. बाई लपवते कारण सांगितलं की डॉक्टर हसतो. एकदा हसल्यावर ती पुढचं काही सांगत नाही, आणि डॉक्टरच्या कागदावर फक्त त्याचीच औषधं राहतात. टेलिमानसच्या 14416 या फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं. तिथेही बोलताना डबीचं नाव सांगावं.

दवाखान्यात आणि आशाताईच्या भेटीत त्यासाठी एक साधी पद्धत चालते. काय काय घेता, असं तोंडी विचारण्याऐवजी घरातल्या सगळ्या डब्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून आणायला सांगायचं, मुंबईहून आलेल्या आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा. मग लेबलं एकेक करून वाचायची. हायपेरिकम परफोरेटम, सेंट जॉन्स वर्ट, किंवा नुसतं मूड सपोर्ट असं लिहिलेल्या मिश्रणाच्या मागच्या बाजूची बारीक यादी. पुढच्या बाजूला फुलाचं चित्र असतं, नाव मागे असतं.